फिक्स्ड बीमच्या टोकांना PL/8 येत नाही? दोष शोधण्याचा क्रम

दोन्ही टोकं घट्ट बसवलेला बीम आणि त्याच्या बरोबर मधोमध एकच लोड. स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसमधलं याहून साधं उदाहरण शोधून सापडायचं नाही. तरीही इतरांची गणितं आणि मॉडेल तपासताना मला सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावं लागतं ते हेच. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: टोकांना PL/8, मध्यातही PL/8. पण सॉफ्टवेअर किंवा मोमेंट डिस्ट्रिब्युशनचा तक्ता भलताच आकडा देतो. मग कोणी सूत्रावर शंका घेतं, कोणी सॉफ्टवेअरवर. दोष बहुतेक वेळा या दोन्हींत नसतो. तो लोड कसा दिला आणि टोक कसं धरलं, या दोनच ठिकाणी असतो.

पुढे एकच बीम घेऊन चालू. स्पॅन ६ मीटर, मधला लोड ८० किलोन्यूटन, सेक्शन ३०० बाय ५०० मिलिमीटरचा काँक्रीटचा, E २५,००० मेगापास्कल. टोकं पूर्ण घट्ट असतील तर टोकांना ६० आणि मध्यात ६० यायला हवेत. मोमेंटचे सगळे आकडे किलोन्यूटन-मीटरमध्ये आहेत, दर वेळी एकक लिहीत नाही.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी पाहा. आकड्यांच्या जोडीवरूनच निम्मं निदान होतं.

- एका टोकाला +६०, दुसऱ्या टोकाला −६०.
- टोकांना ७१.२५, मध्यात ६५.६३.
- टोकांना ४०, मध्यात २०.
- टोकांना ६३.७ आणि ५५.८, म्हणजे दोन्ही टोकं सारखी नाहीत.
- टोकांना शून्य, मध्यात १२०.
- एका टोकाला ९०, दुसऱ्याला शून्य, मध्यात ७५.
- टोकांना ४८, मध्यात ७२.
- एका टोकाला १२५, दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, मध्यात मात्र बरोबर ६०.

पहिली तपासणी: चिन्ह

ही फुकटची तपासणी आहे, आणि ती आधी केली नाही तर पुढचं सगळं चुकतं. एका टोकाला +६० आणि दुसऱ्याला −६० दिसत असेल तर तुमचं उत्तर बहुधा बरोबरच आहे.

मोमेंट मोजायचे दोन रिवाज आहेत. स्लोप-डिफ्लेक्शन आणि मोमेंट डिस्ट्रिब्युशनमध्ये टोकाचा मोमेंट घड्याळाच्या दिशेने की उलट, यावर चिन्ह ठरतं. डावं टोक उलट फिरवतं, उजवं सुलट, म्हणून दोन चिन्हं वेगळी येतात. बेंडिंग मोमेंट डायग्राममध्ये मात्र बीम वर फुगतोय की खाली झोळतोय, एवढंच पाहतात. तिथे दोन्ही टोकं हॉगिंग, म्हणून दोन्ही −६०. सॉफ्टवेअरमधला मेंबर एंड फोर्सचा तक्ता बहुतेक वेळा पहिल्या रिवाजाने असतो आणि डायग्राम दुसऱ्या रिवाजाने. एकाच बीमचे दोन तक्ते वेगळे दिसायचं कारण हे.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. काही जण +६० आणि −६० यांची सरासरी शून्य धरतात आणि मध्यात १२० आला असं लिहून टाकतात. मग मध्याला दुप्पट सळई आणि टोकाला, जिथे वरच्या बाजूला खरी गरज आहे, तिथे नाममात्र. म्हणून पुढे जाण्याआधी दोन्ही टोकांचे आकडे हॉगिंग-सॅगिंगच्या भाषेत लिहून घ्या. दोन्ही टोकं हॉगिंग असतील तर पुढच्या बेरजेत दोन्ही आकडे नुसते जमेस धरा. एखादं टोक सॅगिंग निघालं तर त्याचा आकडा वजा धरा.

दुसरी तपासणी: बेरीज

माझ्या मते संपूर्ण क्रमात सर्वांत उपयोगी तपासणी हीच, आणि तिला कागदाचा एक कोपरा पुरतो. दोन्ही टोकांच्या मोमेंटची सरासरी काढा आणि तिच्यात मध्याचा मोमेंट मिळवा.

```
(MA + MB)/2 + Mmid = P*L/4
```

आपल्या बीमसाठी ही बेरीज १२० आलीच पाहिजे. टोक पूर्ण घट्ट असो, अर्धवट घट्ट असो, पिन असो, सपोर्ट खचलेला असो, बीम टोकाशी जाड असो, काही फरक पडत नाही. कारण हा नुसता समतोल आहे. साध्या टेकूवर ठेवलेल्या बीममध्ये मध्याला PL/4 येतो, आणि टोकांचे मोमेंट फक्त त्या त्रिकोणी डायग्रामची आधाररेषा वर उचलतात. किती उचलतात हे ताठपणावर ठरतं, त्रिकोणाची उंची मात्र लोडवर आणि स्पॅनवरच ठरते.

म्हणून ही बेरीज दोष दोन ढिगांत वाटते. बेरीज १२० येत नसेल तर दोष लोडमध्ये, स्पॅनमध्ये किंवा एककात आहे, सपोर्टकडे बघूसुद्धा नका. बेरीज १२० येत असेल तर लोड निर्दोष आहे आणि दोष टोक कसं धरलंय यात आहे. लक्षणांच्या यादीत परत जाऊन बघा: शून्य आणि १२०, ४८ आणि ७२, ९०-शून्य आणि ७५, या सगळ्यांची बेरीज १२० भरते. सगळे सपोर्टचे दोष. ७१.२५ आणि ६५.६३ ची बेरीज १३६.८८ होते, ४० आणि २० ची ६०. हे लोडचे.

एक सावधगिरी. मध्याचा आकडा खरोखर मध्याचा असायला हवा. काही सॉफ्टवेअर बीमच्या ठराविक स्टेशनांवरच मोमेंट छापतात, आणि स्टेशनांची संख्या सम असेल तर मधोमध स्टेशनच नसतं. बिंदू लोडखाली डायग्रामला टोकदार शिखर असतं, म्हणून जरा बाजूचा आकडा घेतला तरी बेरीज कमी पडते. लोडखाली एक नोड द्या, प्रश्न मिटतो.

तिसरी तपासणी: लोड (बेरीज चुकत असेल तरच)

बेरीज जास्त येत असेल तर आधी स्वतःचं वजन बघा. मॉडेलमध्ये सेल्फ वेट चालू राहिलेलं असतं आणि हातच्या गणितात ते धरलेलं नसतं. आपल्या सेक्शनचं वजन मीटरला ३.७५ किलोन्यूटन. त्यामुळे टोकांना wL²/12 म्हणजे ११.२५ आणि मध्याला wL²/24 म्हणजे ५.६३ वाढतात. बेरीज wL²/8 ने, म्हणजे १६.८८ ने फुगते. यादीतलं दुसरं लक्षण हुबेहूब हेच. त्याची आणखी एक खूण आहे: शुद्ध मध्य लोडला टोक आणि मध्य सारखे येतात, वजन मिसळलं की टोक मध्यापेक्षा पुढे जातं.

टोकांना ४० आणि मध्यात २० आले असतील तर ८० किलोन्यूटनचा लोड एका बिंदूवर न बसता पूर्ण स्पॅनवर पसरलाय. पसरलेल्या लोडला टोक मध्याच्या दुप्पट असतं. हे प्रमाण ओळखता आलं की लोडचा प्रकार तपासायला मॉडेल उघडायचीही गरज उरत नाही.

दोन टोकं वेगळी आणि बेरीज थोडी कमी, म्हणजे लोड मध्यातून सरकलाय. आपल्या उदाहरणात तो डाव्या टोकापासून ३ ऐवजी २.८ मीटरवर बसला होता. सरकलेल्या लोडची सूत्रं ही:

```
MA = P*a*b^2/L^2
MB = P*a^2*b/L^2
```

a हे डावीकडून अंतर, b उजवीकडून. २.८ आणि ३.२ घातले की ६३.७ आणि ५५.८ मिळतात. जवळच्या टोकाला मोमेंट जास्त येतो, म्हणून मोठा आकडा कोणत्या बाजूला आहे त्यावरून लोड कुठे सरकला ते कळतं. स्पॅनच्या मध्यबिंदूवर या वेळी बेरीज ११२ भरते. कारण साध्या बीमचं शिखर आता मध्यात नसून लोडखाली आहे. २० सेंटिमीटरच्या सरकण्याने दोन टोकांत ८ चा फरक पडतो, म्हणजे नोड कुठे टाकला हे खरंच महत्त्वाचं आहे.

खरा लोड कधीच गणिती बिंदूवर नसतो, एखाद्या प्लेटच्या किंवा कॉलमच्या रुंदीवर पसरलेला असतो. त्याने टोकाचा मोमेंट फारसा बदलत नाही. ६० सेंटिमीटर रुंदीवर पसरवला तर ६० चा ५९.८ होतो. मध्याचं शिखर मात्र ५४ च्या आसपास उतरतं. म्हणून मध्यात थोडा कमी आकडा आला आणि टोकं जागच्या जागी असली तर घाबरू नका.

चौथी तपासणी: सपोर्ट आणि रिलीज

इथून पुढे बेरीज १२० भरतेय असं धरतो.

टोकांना शून्य आणि मध्यात १२० म्हणजे बीम साध्या टेकूवर बसलाय. सपोर्ट फिक्स्ड दिसत असला तरी मेंबरच्या टोकाला मोमेंट रिलीज दिलेला असू शकतो, आणि तो वेगळ्या खिडकीत लपलेला असतो. नोड घट्ट, पण बीम नोडला बिजागरीने जोडलेला. म्हणून सपोर्ट आणि रिलीज दोन्ही बघा.

एका टोकाला ९०, दुसऱ्याला शून्य हे त्याचंच अर्ध रूप. एक टोक घट्ट आणि दुसरं पिन असलं की घट्ट टोकाला 3PL/16 येतो, म्हणजे ९०, आणि मध्याला 5PL/32, म्हणजे ७५. मॉडेल एका बाजूने कॉपी केलं किंवा आरशासारखं फिरवलं की रिलीज एकाच टोकाला उरतो, तेव्हा हे हमखास दिसतं.

मोमेंट डिस्ट्रिब्युशनचा तक्ता हाताने करणाऱ्यांना शून्य येतो तो वेगळ्या कारणाने. घट्ट टोकाचा डिस्ट्रिब्युशन फॅक्टर शून्य असतो, कारण पलीकडचा आधार अमर्याद ताठ धरलेला आहे. तिथे काहीच बॅलन्स करायचं नसतं. फॅक्टर १ धरून बॅलन्स केलं की तुम्ही ते टोक स्वतःच्या हाताने पिन केलं. मधोमध लोड असलेल्या एकट्या फिक्स्ड बीमच्या तक्त्यात एकच ओळ असते: −६० आणि +६०. काम तिथेच संपतं.

इथे डिफ्लेक्शनची पडताळणीही करून घ्या, स्वस्तातला दुसरा साक्षीदार आहे तो. पूर्ण घट्ट बीम मध्यात PL³/192EI इतका झुकतो, साधा बीम PL³/48EI, म्हणजे चौपट. आपल्या बीमला १.१५ आणि ४.६१ मिलिमीटर. सॉफ्टवेअरने १.२४ दिलं तर त्यात शिअर डिफॉर्मेशन मिसळलंय. या सममित बाबतीत त्याने टोकाचा मोमेंट बदलत नाही, फक्त झुकणं वाढतं.

पाचवी तपासणी: बीमचा I दुप्पट करून बघा

टोकांना ४८ आणि मध्यात ७२ अशी अधलीमधली जोडी आली की टोक घट्टही नाही आणि मोकळंही नाही. हा खरं तर दोष नाही. हाच आकडा सर्वांत जास्त वेळा चूक ठरवून पुसला जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

PL/8 कुठून येतो ते बघा. दोन्ही टोकांचा उतार शून्य, म्हणजे टोकाटोकांमधल्या M/EI डायग्रामचं निव्वळ क्षेत्रफळ शून्य. साध्या बीमच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ PL²/8 आहे. ते रद्द करायला टोकांचा आयत तेवढ्याच क्षेत्रफळाचा हवा, आणि L ने भागलं की उंची PL/8. सेक्शन सगळीकडे सारखं असेल तर EI या गणितातून निघूनच जातो.

म्हणून चाचणी अशी: मॉडेलमध्ये फक्त बीमचा I दुप्पट करा, बाकी काही हलवू नका, आणि पुन्हा चालवा. टोकं खरोखर घट्ट असतील तर मोमेंट ढिम्म हलणार नाहीत. हलले तर टोक कशावर तरी टेकलंय, जे स्वतः फिरतं.

आमच्या ४८ च्या बीमखाली दोन बाजूंना ३ मीटर उंचीचे, त्याच सेक्शनचे कॉलम होते, तळाशी घट्ट. टोक फिरवायला लागणारा ताठपणा k धरला तर सममित लोडखाली टोकाचा मोमेंट असा येतो:

```
M = (P*L/8) / (1 + 2*E*I/(k*L))
```

कॉलमचा k आहे 4EI/h, म्हणजे 4EI/3. मग 2EI/(kL) होतो ०.२५, आणि ६० भागिले १.२५ म्हणजे ४८. बीमचा I दुप्पट केला तर हेच पद ०.५ होतं आणि टोकाचा मोमेंट ४० वर उतरतो. बीम ताठ केला की टोकाचा मोमेंट कमी होतो, हे अनेकांना उलट वाटतं. पण टोकाला धरून ठेवणारा कॉलम आता बीमच्या मानाने दुबळा पडलाय. कॉलमचा तळ पिन केला तर k चा 3EI/h होतो आणि आपल्या मूळ बीमला ४५ मिळतात.

याच सूत्रातून घट्ट म्हणजे किती घट्ट तेही कळतं. PL/8 च्या ९० टक्के हवे असतील तर k किमान 18EI/L लागतो, ९५ टक्क्यांना 38EI/L. एवढा ताठपणा साध्या कॉलमकडून क्वचितच मिळतो. म्हणून चौकटीतल्या बीमला सरळ PL/8 लावू नका. टोक ६० धरून डिझाइन केलं आणि प्रत्यक्षात ४८ आले तर फरक मध्याला जातो, आणि तिथे ६० ऐवजी ७२ येतात. वीस टक्के जास्त, तेही तुम्ही सळई कमी ठेवलेल्या जागी.

सहावी तपासणी: सपोर्ट खचलाय का

एका टोकाला १२५, दुसऱ्याला उणे ५, आणि मध्यात मात्र नेमका ६०. बेरीज बरोबर, मध्य बरोबर, तरी टोकं विस्कटलेली. ही खूण सपोर्टच्या खाली जाण्याची. एक टोक Δ ने खाली गेलं की खचलेल्या टोकाचा हॉगिंग मोमेंट 6EIΔ/L² ने घटतो आणि दुसऱ्या टोकाचा तेवढ्यानेच वाढतो. सरासरी बदलत नाही, म्हणून मध्यही बदलत नाही.

आपल्या बीमचा EI ७८,१२५ किलोन्यूटन-वर्गमीटर. फक्त ५ मिलिमीटर खचलं तरी ६५.१ चा मोमेंट तयार होतो, म्हणजे मूळ लोडच्या मोमेंटपेक्षाही जास्त. खचलेलं टोक उलट सॅगिंगमध्ये जातं. म्हणजे ताण वरच्या बाजूकडून खालच्या बाजूला येतो. मॉडेलमध्ये स्प्रिंग सपोर्टची किंमत दोन बाजूंना वेगळी दिली असेल किंवा एखादं जुनं डिस्प्लेसमेंट काढायचं राहून तसंच उरलं असेल, तर हे दिसतं. I दुप्पट करण्याची चाचणी इथेही बोलते. घातलेलं डिस्प्लेसमेंट तेच राहिलं तर टोकांमधला फरकही दुप्पट होतो. कॉलमच्या बाबतीत दोन्ही टोकं मिळून सारखीच उतरली होती, त्यामुळे हे दोन दोष एकमेकांत मिसळत नाहीत.

हा ६५.१ चा आकडा पूर्ण, न तडकलेल्या सेक्शनवरचा आहे. काँक्रीट तडकलं आणि क्रीप झालं की EI घटतो आणि प्रत्यक्ष मोमेंट बराच कमी भरतो. किती कमी, हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

इथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा

वरच्या सगळ्या तपासण्या कागदावरच्या आणि मॉडेलमधल्या आहेत. गणित, असाइनमेंट किंवा प्राथमिक डिझाइन असेल तर त्या पुरतात. खालच्या प्रसंगी पुढे स्वतः जाऊ नका.

बीम उभा आहे आणि सपोर्टपाशी वरच्या बाजूला किंवा स्पॅनच्या मध्याशी खालून तडे दिसतायत. सपोर्टजवळचा वरचा तडा म्हणजे टोक खरंच मोमेंट घेतंय. तो रुंदावत असेल तर टोक सैल होऊन भार मध्याकडे ढकलला जातोय. मधला लोड शक्य असेल तर काढा, नवा चढवू नका, तड्याच्या दोन टोकांना तारखेसह खुणा करा आणि इंजिनिअरला दाखवा. तडा प्लास्टरने भरून टाकू नका, पुरावा जातो.

सपोर्टखालचा पाया किंवा भिंत खचल्याचा संशय असेल, किंवा बीमखालची भिंत, कॉलम काढायचा विचार असेल. तेव्हा k आणि Δ दोन्ही एकदम बदलतात आणि वरची सूत्रं एकेकटी लावून चालत नाही.

स्टीलच्या बीमचं टोक बोल्टने जोडलेलं आहे आणि ते फिक्स्ड धरायचं की पिन, हे तुम्हाला ठरवायचंय. ते प्लेटची जाडी, बोल्टची मांडणी आणि कॉलमच्या फ्लँजचं लवचिकपण यावर ठरतं, आणि तो जोड ६० किंवा ४८ चा मोमेंट पेलतो का हे वेगळं डिझाइन आहे. नुसतं ड्रॉइंगवर फिक्स्ड लिहिल्याने जोड फिक्स्ड होत नाही.

आणि टोकाचा मोमेंट मुद्दाम कमी करून मध्याकडे वळवायचा असेल, म्हणजे रिडिस्ट्रिब्युशन करायचं असेल, तर ते तुम्ही पाळत असलेल्या कोडच्या मर्यादेत आणि सेक्शनची डक्टिलिटी तपासूनच होतं. त्या तपासणीवर सही करायचा अधिकार ज्याला आहे, त्याच्याकडे गणित घेऊन जा. सोबत ही तीन कागदं न्या: बेरजेची तपासणी, I दुप्पट करून आलेले आकडे आणि टोकाच्या जोडाचं प्रत्यक्ष मोजलेलं रेखाटन.